आमची वाटचाल : कोडात न सापडलेली गिऱ्हाइकं

कोल्हापुरात आम्ही नवराबायको कांदा-लसूण मसाला करतो. प्रदर्शनांतून सुरुवात केली, मग वेबसाइट काढली आणि पुढे एका मराठी पॉडकास्टवर जाहिरात दिली. तीन भाग, २७,००० रुपये. नव्या गिऱ्हाइकामागे आम्हाला ४५० रुपयांपर्यंत खर्च झेपतो.

सवलतीचा कोड होता CHATAKDAR15. कानाला छान, पण टाइप करताना कोणी CHATAKDAAR15 लिहिलं, कोणी CHATKDAR15, आणि वेबसाइट ‘चुकीचा कोड’ म्हणत राहिली. दुसऱ्या भागाआधी ही सगळी स्पेलिंगं आम्ही चालू करून घेतली.

हिशेबाला बसलो तेव्हा कोडवर ५४ ऑर्डरी होत्या. पण त्यातल्या २३ शेवटच्या भागानंतर महिन्याने, दोनच दिवसांत आलेल्या. शोधलं, तर कोड एका कूपनच्या वेबसाइटवर पोचला होता. ही माणसं मसाला घ्यायचं ठरवूनच सवलत शोधत आलेली, म्हणून ती वगळली. उरल्या ३१. एका गिऱ्हाइकामागे सुमारे ८७० रुपये पडले. जाहिरात बंद करायचं जवळजवळ ठरलंच.

पार्सल पोचलं का, हे विचारायला बायको नव्या गिऱ्हाइकांना फोन करते. नाशिकच्या एक काकू तिला म्हणाल्या, “अगं, ते सांगत होते तेव्हा माझे हात कणकेत. कोड कुठे लिहून घेऊ? नाव लक्षात राहिलं, लेकाला म्हटलं मागव.” त्यांची ऑर्डर आमच्याकडे ‘गूगल’च्या खात्यात जमा होती!

मग आणखी तीन भाग घेतले, तेवढ्याच पैशांत. प्रत्येक भागाचा कोड वेगळा आणि तीन आठवड्यांनी बंद होणारा. शिवाय पैसे भरून झाल्यावर एकच प्रश्न: आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे ऐकलंत? पहिल्या पर्यायावर सहज बोट जातं, म्हणून पर्यायांचा क्रम दर वेळी बदलता ठेवला. त्यात मुद्दाम ‘रेडिओ’ही घातला. रेडिओवर आम्ही कधीच नव्हतो, त्यामुळे न वाचता उत्तर देणारे किती, याचा अंदाज येतो. ते चारच निघाले.

६०० नव्या गिऱ्हाइकांपैकी २४० जणांनी उत्तर दिलं. ३६ जण पॉडकास्ट म्हणाले, आणि त्यांतल्या फक्त १२ जणांनी कोड वापरला होता. म्हणजे कोडवाल्या एकामागे बिनकोडाचे दोघे. कोडवर एकूण ३२ ऑर्डरी होत्या, त्या तिप्पट धरल्या तर ९६. दुसरीकडून पाहिलं तर उत्तर देणाऱ्यांत पॉडकास्टवाले १५ टक्के, ६०० वर ९०. दोन्ही आकडे जवळ आले तेव्हा जिवात जीव आला. एका गिऱ्हाइकाचा खर्च ३०० रुपये.

तरी १२ हा आकडा लहान आहे. आणि निवेदकावर जीव असलेला श्रोता अशा प्रश्नाला हौसेने उत्तर देतो, गप्प राहिलेल्यांत असे श्रोते कमीच असणार. म्हणून त्या ३६० जणांत प्रमाण निम्मंच धरून पाहिलं. तरी ६३ गिऱ्हाइकं होतात, प्रत्येकी सुमारे ४३० रुपये. जेमतेम का होईना, बसतंय. पुढचे तीन भाग आम्ही पक्के केलेत.