मुठीत धरतो

गेल्या महिन्यातला गुरुवार. मुलं सुटली तरी चिन्याची आई फाटकाशी थांबून होती. (चिन्या हे नाव मी इथल्यापुरतं ठेवलंय.) हातात दुरेघी वही. "काय की ओ टीचर, रोज एक पान गिरवून घेते बघा, तरी पेन्सिल मुठीतच. तुमच्या कागदावर पण 'जमत नाही' असंच आहे ना."

तो निरीक्षणाचा कागद माझाच होता आणि अक्षरही माझंच. ही बाई घरी बसून गणवेशाच्या शर्टांना बटणं लावते. सोलापुरात असं काम करणाऱ्या घरोघरी सापडतील. जिची बोटं दिवसभर सुईदोऱ्यावर चालतात, तिच्या पोराला मी 'बोटं चालत नाहीत' असं लेखी कळवलं होतं. आणि 3 वर्षं 7 महिन्यांचं ते पोर त्यापायी रोज संध्याकाळी पान गिरवत होतं. वही बंद करा म्हटलं आणि दोन आठवडे मागून घेतले.

आमच्या निरीक्षण तक्त्यात सूक्ष्म कारक कौशल्यांच्या 12 ओळी आहेत. मणी ओवणं, कात्रीने कातरणं, झाकण फिरवणं, खडू धरणं, बटण लावणं, असं. पुढे तीन रकाने: जमते, मदतीने जमते, जमत नाही. मुक्त खेळाच्या वेळी मुलांना पाहत पाहत भरायचा, असं वर छापलेलंच आहे. प्रत्यक्षात वर्गात मुलं 28, मोठी माणसं दोन, मी आणि मावशी. त्यात एक शी करून येतो, दुसरी वाळू खाते. मग शनिवारी चहाबरोबर सगळ्या जणी 28 कागद आठवणीतून भरून मोकळ्या होतात. आमच्यातल्या एकीचा तर हातच बसलाय, पंचवीस मिनिटांत गठ्ठा संपवते. मी तिला नावं ठेवायची, पण चिन्याची ओळ मीही तशीच भरली होती.

शुक्रवारी ठरवलं, दहा मिनिटं फक्त हाच. मुक्त खेळात एखाद्याला पाहायचं तर समोर बसून चालत नाही, मूल आपल्यासाठी खेळायला लागतं. बाजूला, थोडं मागे बसायचं आणि दुसरंच काही चाललंय असं दाखवायचं. डायरीत 'छान', 'कमकुवत' असले शब्द लिहायचे नाहीत. हाताने काय केलं तेवढंच लिहायचं.

पहिली नोंद बाकावरची. नवा लांब मेणखडू. टोक करंगळीच्या बाजूने बाहेर, अंगठा वर, सगळा हात खांद्यापासून हलतोय. म्हणजे चक्क मूठ. इतकं तर मी आधीही पाहिलं होतं. पण या वेळी दुसऱ्या हाताकडे लक्ष गेलं. डावा हात बाकाच्या कडेला घट्ट धरलेला. कागद मोकळाच, रेघ ओढली की तो सरकतो. सरकला की चिन्या खडू अजून जोरात दाबतो, आणि दाबायला मूठच लागते.

पाच-सहा मिनिटांत कंटाळून तो अंगणात गेला. तिथं ओट्यालगतच्या भिंतीवर काळा रंग दिलेला पट्टा आहे, आणि खाली शहाबादीवर खडूचे तुकडे पडलेले असतात. बोटाच्या एका पेराएवढा तुकडा त्याने उचलला आणि उभ्यानेच गोल काढायला लागला. अंगठा आणि दोन बोटं. मनगट मागे वळलेलं. डावा तळवा भिंतीवर सपाट. मी डायरीत वेळ लिहायचीच विसरले.

नाचतच ऑफिसात जाणार होते, पण एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या होत्या हे ध्यानात आलं. खडू आखूड होता, कागद आडवा नसून भिंत उभी होती, आणि बसायच्या ऐवजी तो उभा होता. आखूड तुकडा मुठीत धरून चालतच नाही, तो बोटांच्या टोकांनीच धरावा लागतो. उभ्या भिंतीवर मनगट आपोआप मागे वळतं, मग अंगठा बोटांसमोर येणं सोपं जातं. यातलं नेमकं कुठलं कारण, हे एका नोंदीवरून सांगता येत नाही.

सोमवारी बाकावर तोच आखूड तुकडा आणि पाटी ठेवली. कुणाला दिली नाही, नुसती ठेवली. चिन्या आला. बोटं टोकाशी आली खरी, पण डावा हात परत बाकाच्या कडेला गेला. पाटी घसरत राहिली आणि थोड्या वेळात तो उठून गेला. तो उठायच्या आधी मी पहिल्यांदा खाली वाकून बाकाखाली पाहिलं. पाय लोंबकळत होते.

टेप आणली. बाकाची बैठक 34 सेंटिमीटर. त्याच्या गुडघ्यामागून तळव्यापर्यंत 25. मधल्या नऊ सेंटिमीटरांत पायाला काही टेकण नाही, म्हणून धड डोलतं. धड सावरायला डावा हात कडेला जातो, आणि पुढचं सगळं मी शुक्रवारी पाहिलंच होतं. हे मागचे बाक मोठ्या शिशूच्या वर्गातून आमच्याकडे आलेत. 'तात्पुरते' म्हणून आलेत, चौथं वर्ष चाललंय.

मंगळवारी मावशींनी रद्दीचे दोन गठ्ठे सुतळीने बांधून पायाखाली दिले. खडू मुद्दाम नेहमीचा लांबच ठेवला. पाय टेकले आणि मिनिटाभरात डावा हात कागदावर आला. उजव्या हाताचा तळवा खाली वळला, बोटं खडूवर पसरली. तीन बोटांची पकड नव्हतीच, चार-पाच बोटं होती. या वयाला तेवढं चालतं. तीन बोटांची पकड साधारण साडेतीन-चारच्या पुढे दिसू लागते, आणि हात टेकवून नुसती बोटं हलवणं त्याच्याही नंतरचं.

मणी त्याला अजून धड ओवता येत नाहीत. दोरा भोकात जातो, पण पलीकडून ओढायला हात बदलताना मणी पडतो. ते मी 'मदतीने' मध्ये लिहिलं. बटणाच्या ओळीशी अडले. तो रोज टी-शर्टच घालून येतो, आणि आमच्या खेळण्यांत बटणाची एकही वस्तू नाही. मग त्याला जमत नाही हे मला जूनमध्ये कुठून कळलं होतं? आईला विचारलं तर म्हणाली, "घरी तो माझी बटणं रंगावारी लावून देतो की, लहानातली लहान सुद्धा." चिमटीने उचलणं आणि काजातून घालणं या दोन वेगळ्या गोष्टी, हे मला कळतं. पण बटण घरात होतं आणि मी त्याला वर्गात शोधत होते.

मुख्याध्यापिकांकडे दोन मागण्या नेल्या. एक, 'दिसले नाही' असा चौथा रकाना. दोन, प्रत्येक ओळीपुढे बसून की उभ्याने आणि कशाने, एवढं लिहायला बोटभर जागा. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात या वयाला परीक्षा नको, निरीक्षण करा असं म्हटलंय, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, रकाने छापून आलेत, रिकामं ठेवलं तर वरून विचारतात." पायांखालच्या पाटांना मात्र लगेच हो म्हणाल्या. आठ पाट आलेत. बुटकी मुलं अकरा आहेत, त्यामुळे तिघांना रद्दीच.

चिन्याच्या आईने वही बंद केली का, माहीत नाही. विचारलं तर 'हो' म्हणते. परवा त्याच्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलची काळी रेघ दिसली.

शनिवारी मागच्या वर्षीचा गठ्ठा काढून बसले होते. खडू धरण्याच्या ओळीत 'जमत नाही' असलेले सहा कागद निघाले. त्यातली चार मुलं त्याच मागच्या बाकांवर बसायची. दोघांनी शाळा बदलली, आणि त्या कागदाची नक्कल दाखल्याबरोबर पुढे गेलीय.