आमची वाटचाल : चिठ्ठीच्या फोटोपासून औषधांच्या यादीपर्यंत

ठाण्यात नौपाडा आणि कळव्याच्या मेडिकल दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवून आम्ही धंद्याला सुरुवात केली. पुढे गिऱ्हाईकं डॉक्टरांच्या चिठ्ठीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू लागली आणि दुकानदार म्हणाले, या फोटोतून औषध, मात्रा आणि दिवस यांची यादी आपोआप निघाली तर बरं. तेच आता आमचं मुख्य काम आहे.

नाव ओळखणं अवघड असेल असं बाहेरच्यांना वाटतं. पण नावाला आधार असतो. बाजारात असलेल्या औषधांची यादी आणि ती कोणत्या ताकदीत मिळतात ते आमच्याकडे आहे. वाचलेल्या नावाची गोळी त्या ताकदीत मिळतच नसेल, तर वाचनात गडबड आहे हे लगेच कळतं. ‘किती वेळा’ आणि ‘किती दिवस’ यांना असा आधार नसतो.

एका सांधेदुखीच्या रुग्णाची चिठ्ठी आम्ही नवीन माणसाला शिकवताना वापरतो. पहिली ओळ मेथोट्रेक्सेट साडेसात मिलिग्रॅम, एक गोळी. दुसरी ओळ फॉलिक ॲसिड 5 मिलिग्रॅम, रविवार सोडून रोज एक. औषधांची नावं इंग्रजीत, पण पहिल्या ओळीपुढे मराठीत ‘दर रविवारी’ असं तिरकं लिहिलेलं. उजवीकडे दोन्ही ओळींना मिळून एक महिरपी कंस आणि त्यापुढे ‘4 आठवडे’.

फक्त इंग्रजी वाचणारी प्रणाली ‘दर रविवारी’ गाळते. उरते ‘एक गोळी’, आणि रिकाम्या जागी ‘रोज एक’ भरायची सोय असेल तर 4 गोळ्यांच्या 28 होतात. आठवड्याचं मेथोट्रेक्सेट रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो.

म्हणून आमच्या यादीत कोरी जागा कोरीच राहते. प्रत्येक ओळीशेजारी फोटोतला तेवढाच तुकडा दिसतो आणि फार्मसिस्ट स्वतः पाहून भरतो. शंका असेल तर डॉक्टरांना फोन करतो. कंस सापडला तर तो कोणकोणत्या ओळींना लागू आहे हेही आम्ही फार्मसिस्टलाच विचारतो. एकूण गोळ्यांचा आकडा ठळक दाखवतो, कारण मेथोट्रेक्सेटसमोर 28 पाहिले की अनुभवी माणूस थबकतोच. हे औषध तर सगळं स्वच्छ वाचलं गेलं तरी माणसाने तपासल्याशिवाय आम्ही बिलात जाऊ देत नाही.

त्यामुळे वेळ जास्त लागतो, हे काही दुकानदारांना पटत नाही. आमचं मत बदललेलं नाही. हल्ली तर कागदाची उजवी कड फोटोत आली नसेल, तर आम्ही वाचायलाच घेत नाही. किती दिवस घ्यायचं ते बहुतेक डॉक्टर त्याच कडेला लिहितात, त्यामुळे दुसरा फोटो मागवतो.