ठसका लागला नाही, तरी पाणी बंद

मार्चमध्ये वडिलांना पक्षाघात झाला. पाचव्या दिवशी सोलापूरच्या रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट मॅडम आल्या, तेव्हा माझी समजूत होती की त्यांचे काम फक्त बोलणे सुधारण्याचे असते. त्यांनी वडिलांच्या गळ्यावर हलकेच बोटे ठेवली, एक चमचा पाणी पाजले, गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते का ते बोटांनी पाहिले आणि लगेच "आ" म्हणायला सांगितले. ठसका लागला नव्हता. पण तिसऱ्या चमच्यानंतर तो "आ" गुळण्या करताना येतो तसा ओलसर, खरखरता आला. मॅडमनी पाणी तिथेच थांबवले.

त्यांनी सांगितले की पक्षाघातानंतर घशाची संवेदना कमी होऊ शकते, त्यामुळे पाणी श्वासनलिकेत उतरले तरी कधी कधी खोकला येत नाही, आणि अशा गुपचूप उतरणाऱ्या पाण्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. बाहेरून तपासून याची खात्री देता येत नाही, म्हणून बेरियम मिसळलेले घोट पाजून गिळण्याचा हलता एक्स-रे काढण्यात आला. पडद्यावर मी स्वतः पाहिले: गिळण्याची क्रिया सुरू होण्याआधीच पातळ घोटाची काळी रेघ श्वासनलिकेत घसरली आणि वडील शांत बसून होते. हनुवटी छातीकडे झुकवल्यावरही पातळ घोटाचा थोडा अंश आत गेलाच. हनुवटी झुकवून किंचित दाट घोट दिला, तेव्हा मात्र तो जिभेच्या मुळाशी क्षणभर थांबला आणि पूर्ण अन्ननलिकेत गेला. वडिलांचे गिळणे उशिरा सुरू होत होते, म्हणून हा उपाय लागू पडला. ज्यांच्या घशात गिळल्यानंतरही घास साचून राहतो, त्यांना मान झुकवल्याने उलट त्रास होऊ शकतो, असे मॅडमनी बजावले. त्यामुळे ओळखीत कोणी विचारले, तर मी आधी तपासणी करायलाच सांगतो.

घरी खरी परीक्षा दाटपणाची होती. मॅडमनी दिलेल्या ठरावीक मापाच्या सिरिंजमध्ये १० मिली द्रव भरायचा, खालचे टोक १० सेकंद उघडे ठेवायचे आणि ४ ते ८ मिली उरले पाहिजे. पहिल्या दिवशी ९ मिली उरले, कारण आम्ही "जास्त दाट म्हणजे जास्त सुरक्षित" असे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात फार दाट द्रव घशाला चिकटून राहतो. आईला वाटे की ज्वारीची आंबील आधीच दाट आहे, मग पावडर कशाला? पण लाळेने पिठाचा दाटपणा तुटतो आणि आंबील तोंडातच पातळ होऊ लागते, म्हणून मॅडमनी झँथन गमची पावडर दिली होती.

एप्रिलच्या सोलापुरी उन्हात ते बुळबुळीत पाणी वडिलांच्या घशाखाली उतरेना. लघवी गडद होऊ लागली. मग आम्ही दर तासाला थोडे थोडे पाजून वहीत नोंद ठेवू लागलो. सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे झाला, तेव्हा हनुवटी झुकवून घेतलेला साध्या पाण्याचा लहान घोट श्वासनलिकेत गेला नाही. मॅडमनी साधे पाणी सुरू केले, मात्र चमच्यानेच, आणि दर काही घोटांनंतर "आ" म्हणायचे ते अजून चालू आहे.