तिसऱ्यांचा व्हिडिओ: सर्चवाले का निघून जातात?

मागच्या नोंदीत तिसऱ्यांच्या व्हिडिओबद्दल लिहिलं होतं. कालावलच्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढण्यापासून घरी सुकं होईपर्यंतचा, नऊ मिनिटांचा. आता त्याला पुरेसे दिवस झालेत, म्हणून बघणारे कुठून आले ते सांगणारा यूट्यूब स्टुडिओतला ट्रॅफिक सोर्सचा तक्ता नीट उघडून बसलो.

एकूण व्ह्यूज बघून काहीच कळत नाही. मी ॲडव्हान्स्ड मोडमध्ये जातो, ट्रॅफिक सोर्स निवडतो आणि प्रत्येक ओळीसमोर सरासरी किती वेळ पाहिलं, हा रकाना जोडतो. खरी गंमत त्या रकान्यात आहे. ताज्या दोन दिवसांचे आकडे मात्र धरत नाही, ते मागाहून भरले जातात.

पहिल्या आठवड्यात सगळ्यात वर होतं एक्स्टर्नल, म्हणजे यूट्यूबच्या बाहेरून आलेले. ती ओळ दाबली की आत नावं दिसतात, आणि जवळपास सगळं व्हॉट्सॲप. गावच्या ग्रुपवर लिंक गेली, तिथून मुंबईच्या चाकरमान्यांकडे. पण सरासरी वेळ जेमतेम सव्वा मिनिट. खाडी दिसली, ओळखीची माणसं दिसली, झालं. हा ओघ ग्रुप थंडावला की आटतो, त्यामुळे पुढे काय बनवायचं हे मी यावरून ठरवत नाही. इथे इम्प्रेशन्सचा, म्हणजे थंबनेल किती वेळा दिसलं त्याचा, आकडा शोधूही नका. थंबनेल यूट्यूबच्या बाहेर दिसलं तर ते मोजलंच जात नाही.

त्यानंतर सर्च हळूहळू चढत गेलं आणि अजून रोज थोडं थोडं येतंय. ती ओळ उघडली तर लोकांनी काय टाइप केलं ते दिसतं: ‘tisrya kashya saf karaychya’, ‘तिसऱ्यांतली वाळू कशी काढायची’. सुक्याची रेसिपी शोधत आलेले फार थोडे. थंबनेलवर क्लिक करण्याचं प्रमाण इथे 9 टक्के, सर्च, सजेस्टेड आणि ब्राउझ या तिन्हींत सर्वांत चांगलं. तरीही सरासरी वेळ दोन मिनिटांच्या आत.

याचं कारण व्हिडिओतच आहे. पहिली अडीच मिनिटं खाडी, चिखल आणि पाट्या. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवणं तिसऱ्या मिनिटाला येतं, आणि शेजारच्या काकी विळीवर शिंपला उघडून मांस एका बाजूला कसं राखतात ते चौथ्याला. ज्याच्यासमोर तिसऱ्यांचं पातेलं आहे, तो तेवढा थांबणार कसा?

आता सजेस्टेड बघा. तिथून आलेली माणसं सरासरी पाच मिनिटं पाहतात. ओळ उघडल्यावर कुठल्या व्हिडिओंच्या शेजारी आपण दिसलो ते कळतं. माझ्या यादीत वर होते खाडीतल्या मासेमारीचे व्हिडिओ, त्यात दोन माझेच, गरीचे आणि खेकड्यांचे. या लोकांना तीच सुरुवातीची अडीच मिनिटं हवी आहेत. म्हणजे जी सुरुवात सर्चवाल्याला पळवते, तीच सजेस्टेडवाल्याला धरून ठेवते. म्हणून ती कापायची नाही. स्टुडिओच्या एडिटरमध्ये ट्रिम करता येतं, पण मी तो मोह टाळला.

त्याऐवजी दोन गोष्टी केल्या. डिस्क्रिप्शनमध्ये चॅप्टर टाकले, म्हणजे साफ करण्याचा भाग शोधणारा थेट तिथे पोचेल. पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन चॅप्टर हवेत आणि प्रत्येक दहा सेकंदांचा तरी, नाहीतर ते लागू होत नाहीत.

```
0:00 कालावलच्या खाडीत
2:50 मिठाच्या पाण्यात वाळू काढणे
4:05 विळीवर शिंपला उघडणे
5:40 सुकं
```

दुसरं म्हणजे फक्त साफ करण्याचा वेगळा, तीन मिनिटांचा व्हिडिओ शूट केला. पहिल्याच शॉटमध्ये काकींचा हात, विळी आणि तिसरी. शीर्षक लोकांच्या प्रश्नाच्याच शब्दांत. एंड स्क्रीनवर खाडीचा मोठा व्हिडिओ, ज्याला वेळ आहे तो तिकडे जाईल.

ब्राउझबद्दल थोडक्यात. होमवर दिसून आलेले व्ह्यूज सुरुवातीला सबस्क्रायबर्सचे होते, क्लिकचं प्रमाण 7 टक्के. नंतर ते 3 वर आलं. पण त्याच काळात इम्प्रेशन्स कितीतरी पटींनी वाढली, म्हणजे यूट्यूब अनोळखी लोकांना दाखवू लागलं होतं. अशा वेळी टक्का घसरणारच. बघण्याचा वेळ टिकून असेल तर थंबनेल बदलू नये. माझा वेळ चार मिनिटांवर टिकला, म्हणून थंबनेल तेच ठेवलंय. इम्प्रेशन्स तेवढीच राहून टक्का पडला असता, तर मात्र पहिलं काम तेच केलं असतं. आणि सर्चच्या 9 टक्क्यांशी ब्राउझच्या 3 ची तुलना करू नये. एक माणूस शोधत आलाय, दुसरा नुसता फोन चाळतोय.

मासेमारी बंदीत, 1 जून ते 31 जुलै, ट्रॉलर किनाऱ्याला असतात, तेव्हा माझं शूटिंग खाडीतच चालेल. त्या काळासाठी खुब्यांचे दोन व्हिडिओ आधीच वेगळे आखलेत: साफ करण्याचा सर्चसाठी, खाडीत काढण्याचा सजेस्टेडसाठी. तिसऱ्यांच्या छोट्या व्हिडिओत सर्चचा सरासरी वेळ दीड मिनिटाच्या वर गेला, तरच खुब्यांची ही वाटणी कायम ठेवेन.