ऐंशी हजार रुपयांचा ताळा

पुण्यातील एका व्यवस्थापन महाविद्यालयात मी परिव्यय लेखांकन शिकवते आणि दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की प्लेसमेंट समितीचे कामही माझ्याकडे येते. त्या कामात मुलांच्या सराव मुलाखती घेणे हा मोठा भाग असतो. गेल्या हंगामात एका कंपनीने मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता निवडलेल्या मुलांना एक केस दिली. दुसऱ्या दिवशी पॅनलसमोर दहा मिनिटे मांडणी आणि त्यानंतर दहा मिनिटे प्रश्नोत्तरे, असे तिचे स्वरूप होते. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांपैकी एक विद्यार्थी माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या पाच स्लाइड तयार होत्या आणि उत्तर सापडल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

केस एका काल्पनिक दूध डेअरीची होती. ही डेअरी पिशवीतले दूध दोन प्रकारांत विकत होती, टोन्ड आणि फुल क्रीम. मागील वर्षी रोजची विक्री 1,00,000 लिटर होती, त्यात 60,000 लिटर टोन्ड आणि 40,000 लिटर फुल क्रीम. यंदा डेअरी एका नव्या शहरातही उतरली आणि विक्री वाढून 1,10,000 लिटर झाली, मात्र त्यात टोन्ड 85,000 आणि फुल क्रीम 25,000 लिटर. सर्व थेट खर्च वजा जाता मागील वर्षी टोन्डच्या लिटरमागे 2 रुपये आणि फुल क्रीमच्या लिटरमागे 5 रुपये उरत होते, म्हणजे रोजचे 3,20,000 रुपये. यंदा हीच रक्कम 2,40,000 रुपयांवर आली होती. दुधाचा खरेदीदर तोच आणि विक्रीदरही तोच होता. फक्त वाहतूक सरासरीने लिटरमागे 50 पैशांनी महागली होती. विक्री दहा टक्के वाढूनही नफा का घटला आणि डेअरीने काय करावे, एवढाच प्रश्न विचारलेला होता.

त्याची पहिलीच स्लाइड सांगत होती, ‘शिफारस : नव्या शहरातून माघार घ्यावी.’ पुढच्या चार स्लाइडवर माघारीचे वेळापत्रक, जोखमी आणि रंगीत आलेख होते. मी त्याला एवढेच विचारले, “ऐंशी हजारांपैकी किती रुपये या माघारीने परत येतील?” त्याने सांगितले, “मॅडम, वाहतुकीचे पंचावन्न हजार.” हा आकडा त्याने कुठून आणला हे मला दिसत होते, कारण 1,10,000 लिटर गुणिले 50 पैसे म्हणजे 55,000 रुपयेच होतात. गुणाकारात चूक नव्हती. तरी तो आकडा त्या प्रश्नाचे उत्तर नव्हता, आणि ते त्याला सांगण्याऐवजी त्याच्याकडूनच निघावे म्हणून मी स्लाइड बंद करायला लावून फळ्यावरचा खडू त्याच्या हातात दिला.

इथे एक कबुली द्यायला हवी. निष्कर्ष आधी सांगावा, कारणे मागून द्यावीत, असे आम्हीच मुलांना वर्गात शिकवतो आणि संचालकांच्या बैठकीत ते योग्यही असते, कारण तिथे ऐकणाऱ्याला निर्णय घ्यायचा असतो. मुलाखतीच्या पॅनलला मात्र डेअरीचा निर्णय घ्यायचा नसतो. त्या केसचे उत्तर पॅनलपाशी असते किंवा नसतेही. समोरच्या मुलाने एका आकड्यावरून दुसऱ्या आकड्यावर पाऊल कसे टाकले, हे पाहायला ते बसलेले असतात.

फळ्यावर पहिले काम घटीचे तुकडे पाडण्याचे होते. त्याने खर्चाच्या शीर्षकांनुसार तुकडे पाडले. मागील वर्षीचेच दर धरले असते तर यंदाच्या विक्रीवर 1,70,000 अधिक 1,25,000, म्हणजे 2,95,000 रुपये उरले असते. म्हणून विक्रीतील बदलामुळे घट 25,000 रुपयांची आणि वाहतुकीमुळे 55,000 रुपयांची. बेरीज 80,000, ताळा जमला. ताळा जमला की मुलांचा हात थांबतो, आणि नेमके तिथेच मी त्याला विचारले की हे 50 पैसे प्रत्येक लिटरवर खरोखर पडले आहेत का.

केसच्या शेवटच्या पानावर शहरनिहाय विक्रीचा छोटा तक्ता होता. तो त्याने वाचला होता, पण वापरला नव्हता. जुन्या शहरांत टोन्डची विक्री पूर्वीइतकीच, 60,000 लिटर होती. वाढलेले 25,000 लिटर टोन्ड पूर्णपणे नव्या शहरातले होते आणि वाहतुकीची सगळी वाढ तिकडे जाणाऱ्या भाड्याच्या गाड्यांची होती. त्याने 55,000 ला 25,000 ने भागले आणि फळ्यावर 2.20 लिहिले. लिटरमागे 2 रुपये मिळतात आणि गाडीला 2 रुपये 20 पैसे द्यावे लागतात, म्हणजे नव्या शहरातील प्रत्येक लिटर 20 पैसे तोट्यात होता. त्याला आनंद झाला, कारण माघारीच्या शिफारशीला यातून आणखी बळकटी मिळाली असे त्याला वाटले.

मग मी त्याला तीच घट बाजारांनुसार पुन्हा मांडायला सांगितली. नव्या शहराचा तोटा 25,000 गुणिले 20 पैसे, म्हणजे 5,000 रुपये. जुन्या शहरांत टोन्ड जैसे थे, म्हणून फरक शून्य. जुन्या शहरांत फुल क्रीम 15,000 लिटरने घटले आणि त्यावर लिटरमागे 5 रुपये गेले, म्हणजे 75,000 रुपये. बेरीज पुन्हा 80,000. तो खडू हातात धरून बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला. पहिल्या मांडणीत वाहतूक सर्वांत मोठी गुन्हेगार दिसत होती आणि दुसऱ्या मांडणीत तिचा आख्खा परिणाम नव्या शहराच्या 50,000 रुपयांच्या कमाईने जवळपास भरून निघत होता. दोन्ही मांडण्यांत बेरीज बरोबर होती. पण माघार घेतली तर काय परत येईल, याचे उत्तर फक्त दुसरी मांडणी देत होती. ऐंशी हजारांपैकी पाच हजार. ज्या फुल क्रीमने पंचाहत्तर हजारांचे भगदाड पाडले होते, त्याचा त्याच्या पाच स्लाइडवर उल्लेखही नव्हता.

फुल क्रीमची विक्री का घटली हे केसमध्ये दिलेले नव्हते, आणि न दिलेली गोष्ट बेधडक सांगून टाकण्याचा मोह अशा वेळी सर्वांत जास्त असतो. ‘स्पर्धा वाढली’ हे उत्तर तर कुठेही चिकटवता येते. या मुलाच्या घरी मात्र चार म्हशी होत्या आणि दूध संकलन केंद्रावर नेण्याचे काम त्याने शाळेच्या वयापासून केलेले होते. तो म्हणाला, “मॅडम, गिऱ्हाईक तुटले असेच कशावरून? उन्हाळ्यात म्हशी आटतात. फुल क्रीमला सहा टक्के फॅट लागते. म्हशीचे दूधच कमी आले असेल तर डेअरी पिशवी भरणार कशातून?” मी कितीही वर्षे परिव्यय शिकवले असले तरी हे मला सुचले नव्हते.

मग आम्ही दोन शक्यता शेजारी शेजारी लिहिल्या, मागणी घटली किंवा पुरवठा घटला, आणि प्रत्येकीपुढे ती ओळखायची कशी हे लिहिले. पुरवठा घटला असेल तर वितरकांनी मागवलेल्या पिशव्या आणि प्रत्यक्ष दिलेल्या पिशव्या यांत तफावत दिसेल, आणि घट एप्रिल ते जुलैच्या आसपास साचलेली असेल. मागणी घटली असेल तर मागवलेल्या पिशव्याच कमी झालेल्या असतील आणि घट वर्षभर पसरलेली असेल. केसमध्ये फक्त रोजची सरासरी असल्यामुळे यांपैकी काहीच तपासता येत नव्हते, म्हणून कोणत्या दोन नोंदी मागवायच्या हेच तिसऱ्या स्लाइडवर लिहायचे ठरले.

रात्री साडेनऊपर्यंत पाचाच्या चार स्लाइड झाल्या आणि सगळे रंग गेले. पहिलीवर प्रश्न आणि ऐंशी हजारांची घट, दुसरीवर एकाच घटीच्या दोन मांडण्या शेजारी शेजारी, तिसरीवर फुल क्रीमच्या दोन शक्यता, चौथीवर शिफारस आणि तिच्याखाली तीन गृहीतके. पहिली मांडणी ठेवावी की काढून टाकावी, यावरून समितीतील माझ्या एका सहकाऱ्याशी थोडा वाद झाला. आपण आधी चुकलो होतो हे दाखवण्याची गरज नाही, असे त्यांचे म्हणणे होते. माझे म्हणणे असे होते की सरासरी 50 पैसे पाहून पॅनलमधील कुणीतरी वाहतुकीवर बोट ठेवणारच, तेव्हा त्या वाटेने आपण जाऊन आलो आहोत हे आधीच दिसलेले बरे. ती ठेवली.

दुसऱ्या दिवशी पॅनलच्या खोलीत आम्हाला प्रवेश नव्हता. आत काय झाले ते त्याने बाहेर आल्यावर जिन्यातच सांगितले. मांडणी संपताच पहिला प्रश्न गृहीतकांवर आला. नव्या शहराच्या गाड्यांचा करार वर्षाचा असेल आणि माघार घेऊनही भाडे द्यावेच लागणार असेल, तर काय? आदल्या रात्री आम्ही ‘माघार घेतल्यास भाडे वाचते’ हे गृहीतक लिहिले होते, पण ते मोडले तर काय होते याचा हिशोब केला नव्हता. त्याने दुसऱ्या स्लाइडवर परत जाऊन तिथली एकच ओळ बदलली. भाडे वाचले तर 2,40,000 चे 2,45,000 होतात. भाडे वाचले नाही तर 50,000 रुपये जातात आणि 1,90,000 उरतात. करार संपेपर्यंत तोट्यातले शहर चालू ठेवणेच कमी तोट्याचे, असे त्याने उभ्या उभ्या सांगितले. आदल्या संध्याकाळच्या स्लाइड असत्या तर या प्रश्नासाठी त्याला परत जायला जागाच नव्हती.

दुसरा प्रश्न त्याच्याही ध्यानात नसलेला होता. पॅनलमधील ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, “15,000 लिटर फुल क्रीम विकले गेले नाही, तर त्यातले फॅट कुठे गेले?” सहा टक्क्यांनी ते रोजचे सुमारे नऊशे किलो होते. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला की हे मी हिशोबात धरलेले नाही. मग त्याने तिसरी स्लाइड उघडली आणि त्या नऊशे किलोंनाच तिसरी नोंद बनवले. म्हशीचे दूध डेअरीत येऊन नुसतेच विकले गेले नसेल, तर ते फॅट लोणी किंवा तूप होऊन दुसऱ्या खात्यावर दिसेल आणि 75,000 रुपयांतील काही भाग तिथे परत मिळालेला असेल. दूधच आले नसेल, तर ते कुठेच दिसणार नाही. मागणी घटली की पुरवठा, हे वितरकांच्या नोंदींआधी तुपाच्या खात्यावरूनच कळू शकते, असे त्याने सांगितले. उरलेला वेळ मग त्याच्या गावाकडच्या संकलन केंद्रात फॅट कसे मोजतात याच्या चर्चेतच गेला.

पुढच्या फेरीच्या यादीत त्याचे नाव संध्याकाळी लागले, आणि तोवर मी माझ्या फाइलीतील त्या केसच्या समासात, टोन्ड आणि फुल क्रीमच्या आकड्यांशेजारी, पेन्सिलीने ‘900 किलो?’ असे लिहून ठेवले होते.