हे कसं करायचं रे?

आमच्या घरच्या ग्रुपवर हल्ली मदत मागण्याची एक वेगळीच रीत पडली आहे. आधी एक पीडीएफ येते आणि तिच्याखाली एकच ओळ: "हे कसं करायचं रे?" 'हे' म्हणजे नेमकं काय, ते फोन केल्यावरच कळतं. परवा काकांनी त्यांच्या घड्याळाचं माहितीपत्रक टाकलं. तक्रार अशी, की गाण्याच्या बैठकीत विलंबित ख्याल रंगात आला, की त्यांचं मनगट पिप्-पिप् करतं. आठ वाजता, मग नऊ वाजता. पुढच्या रांगेतली मंडळी मागे वळून बघतात.

घड्याळ कॅसिओचं F-91W. १९८९ पासून जवळपास त्याच रूपात मिळणारं, काळ्या पट्ट्याचं, चौकोनी. पीडीएफवर मात्र हे नाव नाही, नुसताच 593 असा आकडा. त्यामुळे काकांना पहिली शंका आली, ती पोरांनी भलतीच फाइल पाठवल्याची. पण ही कंपनी आपली माहितीपत्रकं आतल्या यंत्राच्या क्रमांकाने लावते. पाठच्या झाकणावर बारीक चौकटीत तो कोरलेला असतो. चंदेरी पट्ट्याचं A158W दिसायला निराळं, पण त्याच्याही पोटात 593 असतं, म्हणून त्याचं पत्रकही हेच. तेव्हा काकांना आधी घड्याळ काढून पालथं करायला सांगितलं. चष्मा सापडेपर्यंत थोडा वेळ गेला. आकडा जुळला.

आता पत्रकात उत्तर शोधायचं. 'आवाज बंद करा' असं प्रकरण त्यात नसतं. आपल्याला त्रास काय होतो, या हिशोबाने पत्रक लिहिलेलंच नाही. घड्याळाच्या चार अवस्था आहेत: वेळ, गजर, स्टॉपवॉच आणि वेळ लावणं. पत्रक त्याच क्रमाने पुढे जातं. काकांच्या पिप्-पिप्ला तिथे Hourly Time Signal म्हणतात आणि ती राहते गजराच्या घरात. गजराशी आपला काही संबंध नाही असं समजून काकांनी नेमकं तेच पान ओलांडलं होतं.

खरी गंमत उजवीकडच्या एकुलत्या एका बटणाची आहे. त्याच्याजवळ तबकडीवरच ALARM ON·OFF आणि 24HR असं छापलेलं आहे. काकांनी ते वाचलं, बटण दाबलं आणि रात्रीच्या आठचे वीस झाले! पुन्हा दाबलं, आठ. बटण बिघडलंय, असा त्यांनी निकाल दिला. वास्तविक ते शहाण्यासारखं वागत होतं. वेळ दिसत असताना तेच बटण बारा आणि चोवीस तासांची अदलाबदल करतं. आवाजाची कळ व्हायला आधी त्याला गजराच्या अवस्थेत न्यावं लागतं. म्हणून फोनवर अशा वेळी बटणं सांगत सुटण्याऐवजी मी आधी विचारतो, "आत्ता वर काय दिसतंय?"

डावीकडचं खालचं बटण, MODE, एकदा दाबलं की वर AL येतं. तिथे उजवं बटण एकेकदा दाबत जायचं. गजर आणि तासाचा ठोका यांच्या दोन बारीक खुणा आळीपाळीने उमटतात आणि जातात: कधी एकच, कधी दोन्ही, कधी एकही नाही. काकांना गजरही नको होता, त्यामुळे दोन्ही खुणा गेल्या की थांबायचं. सकाळच्या गजराची ज्यांना गरज आहे त्यांनी मात्र फक्त ठोक्याचीच खूण घालवावी, नाहीतर बैठक शांत होईल आणि दुसऱ्या दिवशीची गाडी चुकेल.

परतताना थोडं जपायचं. MODE पुन्हा दाबलं की ST, म्हणजे स्टॉपवॉच. आणखी एकदा दाबलं की सेकंद लुकलुकू लागतात. इथे उजव्या बटणाला हात लावायचा नाही, कारण इथे ते सेकंद शून्यावर आणतं आणि तीस सेकंद उलटून गेले असतील तर मिनिटही एकाने पुढे ढकलतं. नुसतं MODE आणखी एकदा, की मूळ वेळ परत.

हे सगळं झालं आणि काकांचा लगेच पुढचा प्रश्न: "अरे, याला लीप वर्ष कळतं का?" पत्रकात वेळ लावायचा क्रम पाहिला. सेकंद, तास, मिनिटं, महिना, तारीख, वार. वर्ष कुठेच भरायचं नाही! ज्याला वर्षच माहीत नाही त्याने लीप वर्ष ओळखायचं कसं? त्याचा फेब्रुवारी कायम अठ्ठावीसचा. म्हणजे २९ फेब्रुवारी २०२८ ला ते एक मार्च दाखवणार आणि तारीख हाताने मागे आणावी लागणार.

"त्या दिवशी फोन करतो," काका म्हणाले.