१०० वॅटचा चार्जर, ६० वॅटची केबल : नोंदवही, टप्पा ३

लॅपटॉपचं चार्जिंग रखडतं, त्याचं कारण शोधायचं आहे. मागच्या टप्प्यात यूएसबी-सी चार्जर तपासून झाला. तो पूर्ण १०० वॅट देतो, त्याच्यात खोट नाही. आता केबल. लातूरच्या बाजारातून दोनशेच्या आतली, दोन मीटरची, वर ‘फास्ट चार्जिंग’ लिहिलेली सी-टू-सी केबल घेतली आणि तुलनेला ५ अँपिअरची एक मीटरची चांगली केबल ठेवली. लॅपटॉपची बॅटरी ७० वॅट-तासांची आहे, आणि काम चालू असताना लॅपटॉप स्वतःच साधारण ४० वॅट खातो.

लॅपटॉप वीज ओढतो असं आपण म्हणतो, पण किती ओढायची ते आधी चार्जर सांगतो, आणि सांगण्यापूर्वी तो केबलला विचारतो. प्लग बसला की सीसी नावाच्या, फक्त बोलण्यासाठी असलेल्या तारेवरून खास केबलसाठी एक प्रश्न जातो : तू कोण, तुला किती अँपिअर झेपतात? याचं उत्तर देते ती चिप म्हणजे ई-मार्कर. ती प्लगच्या आतल्या इवल्याशा पट्टीवर बसवलेली असते, आणि तिला वीज मिळते ती व्हीकॉन नावाच्या वेगळ्या पिनेतून.

चार्जर आणि लॅपटॉप किती वीज द्यायची-घ्यायची ते ज्या पद्धतीने ठरवतात ती पीडी. तिचे संदेश दाखवणारं मीटर मध्ये लावलं की हे सवाल-जवाब डोळ्यांनी दिसतात. स्वस्त केबलला चार्जर पुन्हा पुन्हा विचारतो, पलीकडून काहीच येत नाही. मग लॅपटॉपला जी यादी जाते तिची शेवटची ओळ `20V 3A` असते. केबल बदलली की उत्तर येतं आणि तीच ओळ `20V 5A` होते. ओळख न देणाऱ्या केबलमधून ३ अँपिअरच्या वर जायचं नाही, असा नियमच आहे. म्हणून चार्जर कितीही मोठा घ्या, अशा केबलवर ६० वॅटच.

६० आणि १०० मधला फरक दुपटीचाही नाही, मग चार्जिंग एवढं रखडतं का? कारण लॅपटॉपचे ४० वॅट आधी जातात. ६० वॅटमधून केबलमधली घट आणि लॅपटॉपच्या आतलं नुकसान वजा केलं की बॅटरीच्या वाट्याला १६ वॅटच्या आसपास उरतात. १०० वॅटवर ५० च्या आसपास. बॅटरी २० टक्क्यांवरून ८० वर न्यायला ४२ वॅट-तास लागतात, म्हणजे एका केबलने अडीच तासांहून जास्त आणि दुसरीने पन्नास मिनिटं. लाईट दीड-दोन तासच टिकणार असेल तर पहिल्या केबलने काम भागत नाही. लिनक्सवर `upower -d` मधली `energy-rate` ही ओळ बॅटरीत जाणारे वॅट दाखवते. केबल बदलण्याआधी आणि नंतर तीच पाहायची.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या केबलने दाखवली. तिच्यात ई-मार्कर होता, त्याने ‘५ अँपिअर’ असं ठणकावून सांगितलं आणि चार्जरने विश्वास ठेवला. पण चिप तारेतलं तांबं मोजत नाही, कारखान्यात जे भरलं तेच वाचून दाखवते. मीटर आधी चार्जरच्या टोकाला, मग लॅपटॉपच्या टोकाला लावलं, लोड तेवढाच ठेवला. ४ अँपिअरला एकीकडे १९.९ व्होल्ट, दुसरीकडे १८.५. फरक १.४, त्याला ४ ने भागलं की जाण्या-येण्याच्या तारांचा मिळून ०.३५ ओहम. ५ अँपिअरला पॉवर आणि ग्राउंड मिळून ०.७५ व्होल्टपर्यंतच घट चालते, म्हणजे ०.१५ ओहम. इथे त्याच्या दुपटीहून जास्त! पूर्ण ५ अँपिअर गेले तर पावणेनऊ वॅट नुसती उष्णता म्हणून केबलमध्ये जिरतील. मे महिन्यात बंद खोलीत, गादीवर गुंडाळलेली अशी केबल वापरू नका. प्लगचा गळा हाताला चटका देत असेल तर ती काढून टाका, चिप काहीही सांगो.

मीटर नसेल तर सी सॉकेटच्या पिना बाहेर आणून देणारं ब्रेकआउट बोर्ड आणि मल्टिमीटर चालतं. केबलचं दुसरं टोक मोकळं ठेवून दोन्ही सीसी पिना ग्राउंडशी तपासा. एकीवर साधारण १ किलोओहम दिसला तर आत ई-मार्कर आहे. दोन्ही उघड्या दिसल्या तर बहुधा नाही. काही चिपांमध्ये आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून रोध दिसतो की नाही एवढंच पाहा.

ए-टू-सी केबलचा इथे विचारच नको. ए टोकाला सीसी पिनच नसते, त्यामुळे पीडीचं बोलणं होत नाही आणि पीडीचे २० व्होल्ट मिळत नाहीत.

१४० वॅटचा चार्जर असेल तर जुनी १०० वॅटची केबलही कमी पडते. २८ व्होल्टसाठी ई-मार्करमध्ये तशी वेगळी नोंद लागते. ती २४० वॅटच्या केबलमध्ये असते. पुढच्या टप्प्यात तिचीच घट मोजायची आहे, तीही दोन मीटर लांबीवर.